बारावीचं एक गणित: टक्कल पुरुषात प्रभावी आणि बाईत अप्रभावी, हे कसं काय?

सायली_क

लेक बारावीला आहे. सरावसंचातल्या एका गणितावर कालपासून आम्ही दोघी अडलोय.

"एका पुरुषाला टक्कल आहे, त्याच्या वडिलांना नव्हतं. त्याच्या बायकोला टक्कल नाही, पण तिच्या आईला होतं. या जोडप्याच्या अपत्याला टक्कल पडण्याची शक्यता किती?"

वर सूचना अशी की टकलाचं जनुक B पुरुषात प्रभावी आणि स्त्रीत अप्रभावी धरा. लेकीने नवरा-बायको दोघेही Bb काढले, चौकट मांडली आणि उत्तर 3/4 आलं. मागे उत्तर 1/2 छापलंय. छपाईची चूक आहे का?

आणि माझा स्वतःचा प्रश्न वेगळाच. प्रभावी म्हणजे प्रभावी ना? तेच जनुक बाईच्या अंगात गेलं की अप्रभावी कसं होतं? सूचना पाठ करून गणित सुटेल, पण मला ते पटत नाहीये.

अण्णा_पेणकर

सोपं आहे. टकलाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. पुरुषाकडे एकच एक्स, त्यामुळे एक प्रत पुरते. बाईकडे दोन, त्यामुळे दोन्ही लागतात. रंगांधळेपणासारखंच. म्हणून टक्कल आईच्या वडिलांकडून येतं. सरावसंच चुकीचा आहे.

हळदीकुंकू

सायली, कांद्याचा रस आणि एरंडेल आठवड्यातून दोनदा. लेकीला बारावीचा ताण असेल म्हणून गळत असतील.

सायली_क

हळदीकुंकू ताई, लेकीचे केस शाबूत आहेत, गणित गळतंय :)

खूर_आणि_शिंग

अण्णा, एक्सवाला खुलासा ऐकायला बरा वाटतो, पण सायलींच्या प्रश्नाचं ते उत्तर नाही. टक्कल जरा बाजूला ठेवा, त्यात भानगडी फार आहेत. मेंढीच्या शिंगांवरून बघा, तिथे चित्र स्वच्छ दिसतं.

इंग्लंडमधल्या डॉर्सेट हॉर्न जातीत मेंढा आणि मेंढी दोघांनाही शिंगं असतात. सफोक जातीत दोघंही भुंडी. केंब्रिजच्या टी. बी. वुड यांनी या दोन जातींचा संकर करून 1905 साली निकाल छापला. पहिल्या पिढीत सगळ्या कोकरांकडे एक जनुक शिंगांचं आणि एक भुंडेपणाचं, म्हणजे सगळी Hh. तरीही मेंढे शिंगवाले निघाले आणि मेंढ्या भुंड्या. बाप डॉर्सेट घ्या की सफोक, फरक पडत नाही. आता अण्णांचं एक्सचं म्हणणं इथे लावून बघा. शिंगांचं जनुक एक्सवर असतं, तर सफोक आई आणि डॉर्सेट बाप या जोडीत मुलग्यांना एक्स फक्त आईकडून मिळाला असता आणि ते भुंडे निघायला हवे होते. निघाले शिंगवाले. हे जनुक मेंढीच्या दहाव्या गुणसूत्रावर आहे, लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्राशी त्याचा काही संबंध नाही.

ही पहिली पिढी आपसात लावली की मेंढ्यांमधे तीन शिंगवाले, एक भुंडा. मेंढीवर्गात बरोबर उलट: एक शिंगवाली, तीन भुंड्या. HH असेल तर दोघांनाही शिंगं, hh असेल तर दोघंही भुंडी. भांडण फक्त मधल्या Hh बद्दल आहे.

सायली_क

शेवटचं वाक्य तीनदा वाचलं. म्हणजे जनुक बदलत नाही, दोन्ही टोकंही बदलत नाहीत. मधल्याचं काय होतं तेवढंच नर-मादीत वेगळं?

जीन्सवाली

हो, तेवढंच. "प्रभावी" हा शब्द आपण जनुकाला चिकटवतो, तिथेच गफलत होते. तो गुण जनुकाच्या अंगचा नाही. एक प्रत असलेला प्राणी दिसायला कोणत्या टोकासारखा निघतो, त्या निरीक्षणाचं ते नाव आहे.

ओढ्यावरच्या फरशीचं उदाहरण घ्या. शून्य प्रतींना पाणी गुडघ्याएवढं, एका प्रतीला कमरेएवढं, दोन प्रतींना छातीएवढं. फरशी मांडीच्या उंचीवर असेल, तर एका प्रतीतच पाणी वरून वाहतं आणि तुम्ही म्हणता जनुक प्रभावी. फरशी पोटाच्या वर बांधली, तर दोन प्रती लागतात आणि तुम्ही म्हणता अप्रभावी. पाणी तेवढंच आहे. इथे फरशीची उंची ठरवतो हार्मोन. टेस्टोस्टेरॉन भरपूर असेल तिथे फरशी खाली, नसेल तिथे वर.

भटक्या_खवय्या

पुरुषांची फरशी खाली असते हे बायको बरीच वर्षं सांगतेय.

खूर_आणि_शिंग

:) फरशी हार्मोनच हलवतो याचा पुरावा वस्तऱ्याने मिळालेला आहे. हर्डविक जातीत फक्त मेंढ्याला शिंगं येतात. केंब्रिजच्याच एफ. एच. ए. मार्शल यांनी त्या जातीचे मेंढे वेगवेगळ्या वयात खच्ची केले. ज्या वयात खच्ची केला, त्या वयात शिंगाची वाढ थांबली. गेली नाहीत, जिथे होती तिथे थबकली. जनुकं तीच, मेंढाही तोच, फक्त हार्मोन काढून घेतला. डॉर्सेट हॉर्नचा मेंढा खच्ची केला तर त्याला शिंगं येतात, पण मेंढीसारखी बारीक. दोन प्रती असल्या की हार्मोनवाचूनही काम भागतं, ते हेच.

याचा कळपात उपयोग बघा. भुंडा मेंढा दिसला की तो hh, डोळे मिटून. शिंगवाली मेंढी दिसली की ती HH. पण शिंगवाला मेंढा आणि भुंडी मेंढी यांच्याबद्दल नुसत्या दिसण्यावरून काहीच सांगता येत नाही.

समजा तुम्हाला कायमचा भुंडा कळप हवा आहे. भुंडा मेंढा आणणं सोपं, गोची मेंढ्यांची होते. सगळ्या भुंड्या दिसतात आणि त्यातल्या काही गुपचूप Hh असतात. अशा मेंढीवर भुंडा मेंढा सोडायचा आणि तिचे *मुलगे* बघायचे. एक जरी मुलगा शिंगवाला निघाला, तरी तिच्यात H आहे हे पक्कं. ती Hh असेल तर प्रत्येक मुलगा भुंडा निघण्याची शक्यता निम्मी. म्हणजे Hh मेंढीलाही ओळीने पाच भुंडे मुलगे होऊन तिने आपल्याला फसवण्याची 32 मधे 1 शक्यता उरतेच. मुली मोजायच्या नाहीत. भुंड्या मेंढ्यापासून झालेल्या मुली Hh किंवा hh, म्हणजे काही झालं तरी भुंड्याच. नवखे लोक सगळी कोकरं मोजतात आणि "दहापैकी आठ भुंडी" म्हणून खूश होतात. त्या आठात मुली किती, हे कोणी विचारत नाही.

आणखी एक फसगत. काही hh मेंढ्यांच्या डोक्यावर खुंट येतात. बोटाने हलवून बघा. कातडीबरोबर हलला तर तो खुंट, कवटीला घट्ट बसलेलं असेल तर खरं शिंग. ही तपासणी न करता शिंगवाल्यांत टाकला की पुढचा सगळा हिशेब चुकतो.

निमा

वा, मेंढीपुराण आवडलं. पण एक शंका. लिंगप्रभावित आणि लिंगमर्यादित हे दोन वेगळे शब्द का? शिंगं तर हर्डविकच्या मेंढीला येतच नाहीत म्हणता.

खूर_आणि_शिंग

चांगली पकडलीत. सीमारेषा तुम्ही समजता तेवढी ठळक नाही. डॉर्सेट-सफोक संकरात मेंढीलाही शिंगं येऊ शकतात, फक्त दोन प्रती लागतात, म्हणून तो गुण प्रभावित. हर्डविकमधे मेंढीला कितीही प्रती असोत, येत नाहीत, म्हणून तिथे मर्यादित. एकाच अवयवाची गोष्ट, जात बदलली की नाव बदललं.

मर्यादित गुणाचं खणखणीत उदाहरण आपल्या फलटणचंच आहे. सुंदरबनकडच्या गरोल मेंढीत फेक-बी नावाचं जनुकाचं रूप सापडतं. त्याने मेंढीच्या एका माजात जास्त स्त्रीबीजं सुटतात आणि जुळी-तिळी होतात. निंबकर कृषी संशोधन संस्थेने ते आपल्या दख्खनी मेंढीत आणलं. आता मेंढ्याकडे या जनुकाच्या दोन प्रती असल्या तरी त्याच्या अंगावर काय दिसणार? काही नाही. तो विणारच नाही. पण त्याच्या सगळ्या मुलींना एकेक प्रत मिळणार.

डीएनए चाचणी नव्हती तेव्हा मेंढा निवडायला त्याच्या मुली मोठ्या होऊन वितील तोवर थांबायचं आणि मग त्यांची वेतं मोजायची. त्यात मेंढ्याची उमेदीची वर्षं संपायची. 2001 साली यामागचा नेमका बदल सापडला आणि तेव्हापासून कोकराच्या रक्ताचा थेंब पुरतो. मात्र मेंढीत दोन प्रती साठल्या की तिळ्यांचं प्रमाण वाढतं, पिल्लं लहान निपजतात, आईचं दूध पुरत नाही. चरून जगणाऱ्या कळपाला एकच प्रत सोयीची. म्हणून दोन प्रतींचा मेंढा साध्या मेंढ्यांवर सोडणं फायद्याचं. सगळ्या मुली एका प्रतीच्या निघतात, एकही दोनाची नाही.

चकाकी

मेंढ्यांवरून माणसांवर याल का? वय 31, कपाळ मागे सरकतंय. बाबांचे केस साठीतही दाट, दोन्ही मामा पूर्ण टकले. अण्णा म्हणतात ते माझ्या घरात तर तंतोतंत जुळतंय.

अण्णा_पेणकर

बघा! घरोघरी हेच दिसतं. मेंढ्यांचं मेंढ्यांपाशी.

जीन्सवाली

अण्णा, तुम्ही अर्धे बरोबर आहात आणि तो अर्धा भाग महत्त्वाचा आहे. पुरुषी हार्मोन पेशीत ज्याला जाऊन चिकटतो, त्या ग्राहीचं जनुक खरोखरच एक्सवर आहे. पुरुषाला ते आईकडूनच मिळतं, आईला तिच्या आई किंवा वडिलांकडून. त्यामुळे मामांशी साम्य दिसतं.

पण 2001 साली ऑस्ट्रेलियात त्या जनुकाचं एक विशिष्ट रूप तपासलं, त्याचे आकडे बघा. तरुणपणीच टक्कल पडलेल्या पुरुषांपैकी 98 टक्क्यांत ते रूप सापडलं. इथे थांबलात तर वाटेल, झालं, सापडला गुन्हेगार. पण टक्कल नसलेल्या पुरुषांतही ते 77 टक्क्यांत होतं. म्हणजे ते बहुधा लागतं, पण पुरत नाही. आणि टकल्या वडिलांची मुलं टकली निघतात हेही भरपूर दिसतं, ते एक्सने कसं समजावणार? बाप मुलाला एक्स देतच नाही.

चकाकी, दोन मामांवरून नियम काढू नका. बाबांकडूनही तुम्हाला काही ना काही मिळालेलं असणारच.

केशव_त्वचा

त्वचारोगाचा डॉक्टर म्हणून थोडी भर. टेस्टोस्टेरॉन थेट फार काही करत नाही. केसाच्या मुळाशी एक विकर त्याचं डीएचटीत रूपांतर करतं. डीएचटीने कपाळावरची आणि टाळूवरची मुळं दर फेरीला लहान होत जातात. केस आधी बारीक, मग आखूड, मग लव. मुळं मरत नाहीत, आक्रसतात. मागच्या आणि कानांवरच्या मुळांवर हा परिणाम जवळजवळ होत नाही, म्हणून तिथली पट्टी शिल्लक राहते. प्रत्यारोपणात तिथले केस पुढे लावले की ते मागच्यासारखेच टिकतात. एकाच माणसात, एकाच जनुकसंचात, डोक्याच्या दोन भागांची "फरशी" वेगळी, असं जीन्सवालींच्या भाषेत म्हणता येईल.

1942 साली जेम्स हॅमिल्टन यांनी वयात येण्याआधीच वृषण गमावलेले पुरुष तपासले. त्यांना टक्कल पडलेलं नव्हतं. त्यांना टेस्टोस्टेरॉन दिल्यावर ज्यांच्या घराण्यात टक्कल होतं त्यांचे केस जाऊ लागले, इतरांचे नाहीत. देणं थांबवल्यावर गळती थांबली, पण गेलेले केस परतले नाहीत. हार्मोन आणि वारसा, दोन्ही लागतात, हे इतक्या सरळ दुसरीकडे कुठे दिसत नाही.

बायकांच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन पुरुषाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. शिवाय त्यांच्या पुढच्या मुळांत त्याचं इस्ट्रोजेन करणारं विकर जास्त असतं. म्हणून बाईचं कपाळ सहसा मागे सरकत नाही, भांग रुंद होत जातो.

निमा

डॉक्टर, म्हणजे गणितातल्या "तिच्या आईला टक्कल होतं" हे वाक्यच संशयास्पद?

केशव_त्वचा

गणितात चालतं. दवाखान्यात चालत नाही. बाईचे केस विरळ झाले की आधी फेरिटिन आणि थायरॉइड बघतो, बाळंतपणानंतरचे तीन-चार महिने विचारतो. पाळी अनियमित असेल तर पीसीओएसचा विचार. यातलं काहीही असलेल्या बाईला "BB" म्हणून कागदावर मांडलं की वंशावळ बिघडली.

जीन्सवाली

आणि म्हणूनच सरावसंचातलं ते जनुकच मुळात डळमळीत आहे. पुरुषात प्रभावी, बाईत अप्रभावी ही कल्पना डोरोथी ऑसबॉर्न यांनी 1916 साली 22 कुटुंबांवरून मांडली. गंमत म्हणजे त्यांनी शीर्षकात टक्कलाला लिंगमर्यादित म्हटलं होतं. आज पुस्तकं त्यालाच लिंगप्रभावित म्हणतात. निमा, तुमची शंका शंभर वर्षं जुनी आहे.

आता ती कल्पना तपासू. युरोपीय वंशाच्या पुरुषांत पन्नाशीपर्यंत साधारण निम्म्यांना टक्कल पडतं. मग निम्मे bb. b चं प्रमाण 0.5 चं वर्गमूळ, म्हणजे 0.71. B उरलं 0.29. बायकांत BB त्याचा वर्ग, साधारण साडेआठ टक्के. ठीक वाटतं. पण तेच पुरुष ऐंशीचे होईपर्यंत थांबलात, तर टकल्यांचं प्रमाण ऐंशी टक्क्यांच्या घरात जातं. आता bb 0.2, b 0.45, B 0.55 आणि बायकांत BB तीस टक्के. लोक म्हातारे झाले म्हणून त्यांच्यातल्या जनुकाचं प्रमाण दुप्पट कसं होईल? एकच जनुक, चालू-बंद बटणासारखं, या मांडणीत वय बसतच नाही.

2017 साली ब्रिटनमधल्या सुमारे 52,000 पुरुषांच्या अभ्यासात टकलाशी निगडित 287 जागा सापडल्या. त्यातल्या 40 एक्सवर, बाकी इतरत्र. अण्णा, 40 तुमच्या.

अण्णा_पेणकर

287 पैकी 40 म्हणजे फार वाईट नाही. आणि त्या 40 चं वजन किती, तेही सांगा ना. जागा मोजून काय होतं?

जीन्सवाली

हे मात्र मान्य. एक्सवरच्या त्या एकट्या ग्राहीचं वजन इतर कुठल्याही एका जागेपेक्षा जास्त आहे. पण सगळा भार त्याच्यावर नाही.

चकाकी

मग आता करायचं काय? गोळी घेऊ का?

केशव_त्वचा

फिनास्टेराइड त्याच डीएचटीवाल्या विकराला अडवतं. 1974 साली डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या काही कुटुंबांचा अभ्यास छापून आला. त्यांच्यात हे विकर जन्मतःच कमी होतं आणि त्या पुरुषांना टक्कल पडत नव्हतं. त्यावरूनच या औषधाची दिशा मिळाली. डोस रोज 1 मिलिग्रॅम, फरक दिसायला तीन ते सहा महिने, बंद केलं की वर्षभरात कमाई जाते. लैंगिक दुष्परिणाम काहींना होतात. घरात कोणी गरोदर असेल तर फुटलेल्या गोळीला त्यांनी हात लावायचा नाही, मुलग्याच्या गर्भाला धोका असतो. समोर बसून डॉक्टरांशी बोला, धाग्यावरून गोळी सुरू करू नका.

हळदीकुंकू

आणि कांद्याचा रस?

केशव_त्वचा

ताई, कांदा भाजीत घाला.

निमा

पीसीओएसबद्दल एक. माझ्या वाचनात आलं होतं की पीसीओएस असलेल्या बायकांच्या भावांना लवकर टक्कल पडतं, म्हणजे एकाच जनुकाची बाईत एक खूण आणि पुरुषात दुसरी. खरं आहे का?

जीन्सवाली

कल्पना जुनी आहे आणि मोहक आहे. काही वंशावळींत तसं दिसलं, काहींत नाही. एकाच जनुकावर हे दोन्ही टांगता येतील असं मला वाटत नाही. डॉक्टरांचं मत वेगळं असू शकेल.

केशव_त्वचा

थोडं वेगळं आहे. तिशीच्या आत टाळू उघडी पडलेल्या मुलाला मी बहिणीची पाळी आणि आईबाबांचा मधुमेह विचारतोच. पण ते वेगळ्या धाग्याचं काम.

सायली_क

सगळ्यांचे आभार. पण 3/4 की 1/2 हे अजून राहिलंच!

जीन्सवाली

अगं हो! दोघे Bb हे लेकीने बरोबर काढलं. नवऱ्याचे वडील bb, त्यांच्याकडून b आलं. त्याला टक्कल आहे म्हणजे B आईकडून. बायकोची आई BB, तिच्याकडून B आलं. बायकोला टक्कल नाही म्हणजे दुसरं b. चौकटीत एक BB, दोन Bb, एक bb.

आता प्रश्नातला शब्द बघ: *अपत्याला*. मुलगा असेल तर BB आणि दोन्ही Bb टकले, 3/4. मुलगी असेल तर फक्त BB, 1/4. मुलगा की मुलगी हे निम्मंनिम्मं, म्हणून 3/4 चं निम्मं अधिक 1/4 चं निम्मं, एकूण 1/2. छपाई बरोबर आहे. लेकीने नकळत सगळी अपत्यं मुलगेच धरली. चौकट एकच काढायची, पण वाचायची दोनदा.

सायली_क

कळलं! ती ओरडलीच, "मी फरशी एकच बांधली." आता तिचा उलट प्रश्न: गणितातल्या बायकोला भाऊ असेल तर त्याचं काय?

जीन्सवाली

आई BB, म्हणजे त्याला एक B नक्की. पुरुषाला एक पुरतो. वडील कोण हे बघायचीही गरज नाही, शंभर टक्के टक्कल. गणितात.

खूर_आणि_शिंग

आणि ऑसबॉर्नबाईंची कल्पना खरीखुरी तपासायची असेल तर हाच माणूस शोधायचा. आईला टक्कल आणि मुलाचे केस सत्तरीत दाट, असा एक पक्का नग सापडला की एका जनुकाची गोष्ट कोसळते.

भटक्या_खवय्या

चकाकी, आईचा भांग बघून ये आणि इथे लिही.

चकाकी

आईला विचारलं. म्हणाली, "माझ्या भांगाचं तुला काय पडलंय, आधी लग्नाचं बघ, नंतर कोणी बघणार नाही."